काचेच्या कपाटात मांडलेली तांब्या-पितळेची भांडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घासूनपुसून लख्ख केलेलं पितळ बंद कपाटात ठेवलं, तरी महिन्याभरात काळवंडतं. असं का होतं?

कपाट बंद केलं की धूळ बाहेर राहते, पण आतली हवाही आतच कोंडते. त्या हवेत काय मिसळतं, यावर भांड्यांची चमक टिकणं अवलंबून असतं. खोलीत उघड्यावर ठेवलेल्या तांब्याभोवतीची हवा सतत बदलत असते. कपाटात मात्र लाकूड, गोंद, पॉलिश, कापड या सगळ्यांतून निघणारी वाफ साठत जाते. तांबं आणि पितळ यांना दोन गोष्टी विशेष बाधतात : आम्लाची वाफ आणि गंधकाची वाफ. दोन्ही आपणच, नकळत, कपाटात आणून ठेवलेल्या असतात.

आम्ल प्रामुख्याने लाकडातून येतं. ओकसारख्या काही लाकडांतून ॲसिटिक आम्ल वर्षानुवर्षं निघत राहतं. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डात वापरलेल्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड सुटतो आणि त्यातून पुढे फॉर्मिक आम्ल तयार होतं. कापलेल्या कडा उघड्या राहिल्या असतील तर हे प्रमाण वाढतं, कारण बोर्डाचा पृष्ठभाग लॅमिनेटने झाकला तरी कडेने वाफ बाहेर पडतच असते. नवा तैलरंग किंवा पॉलिश वाळतानाही आम्लं सोडतो.

एका गोष्टीकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही : काच बसवताना वापरलेलं सिलिकॉन. काही सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा उग्र वास येतो. तो वास ॲसिटिक आम्लाचाच असतो. अशा सिलिकॉनने नुकत्याच बसवलेल्या काचांचं कपाट लगेच बंद करून आत तांबं ठेवलं, तर तांब्यावर डाग पडण्याची पुरेपूर शक्यता असते. 'न्यूट्रल क्युअर' प्रकारच्या सिलिकॉनला हा व्हिनेगरचा वास नसतो. सुताराला तेच वापरायला सांगा.

गंधकाचे स्रोत वेगळे आहेत : लोकरी फेल्ट, काही प्रकारची रंगीत कापडं आणि रबराच्या चकत्या. भांडं घसरू नये म्हणून खाली चिकटवलेल्या काळ्या रबरी चकतीचा गोल काळा ठसा पितळेच्या बुडावर कायमचा उमटलेला अनेकांनी पाहिला असेल. चकतीतलं गंधक तिथे थेट धातूला भिडलेलं असतं.

माझ्या कपाटात असं काही होतंय का, हे आधीच कळू शकेल का?

कळू शकेल, आणि मौल्यवान भांडी आत ठेवण्याआधी ते पाहून घ्यावं. संग्रहालयांत यासाठी 'ऑडी चाचणी' करतात. ब्रिटिश म्युझियममधले संवर्धनतज्ज्ञ अँड्र्यू ऑडी यांच्या नावावरून ती ओळखली जाते. ज्या साहित्याबद्दल शंका असेल त्याचा तुकडा थोड्या पाण्यासह बंद काचपात्रात ठेवायचा. त्याच्या जवळ, पण त्याला न टेकता, तांबं, चांदी आणि शिसं यांच्या घासलेल्या पट्ट्या ठेवायच्या. ते पात्र 60 अंश सेल्सिअसला 28 दिवस ठेवायचं आणि मग पट्ट्यांचं काय झालं ते पाहायचं.

घरी इतकं नेमकं करायची गरज नाही. जाड तांब्याच्या तारेचे, आवरण सोललेले, दोन तुकडे घ्या. बारीक पॉलिशपेपरने घासून लख्ख करा, धुऊन पूर्ण कोरडे करा आणि त्यानंतर बोटांनी शिवू नका. एक तुकडा रिकाम्या कपाटात, मधल्या फळीवर, स्वच्छ काचेच्या वाटीत ठेवा आणि दार लावा. दुसरा त्याच खोलीत उघड्या मांडणीवर, दुसऱ्या वाटीत. चार आठवड्यांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहा. दोन्ही सारखेच थोडे मंदावले असतील तर कपाट ठीक आहे, जे होतंय ते खोलीच्या हवेचं आहे. कपाटातला तुकडा स्पष्ट काळपट, जांभळट किंवा हिरवट झाला असेल तर दोष कपाटाच्या आत आहे.

आत म्हणजे नेमका कशात, हे शोधायचं असेल तर झाकणाच्या स्वच्छ बरण्या घ्या. एकीत फेल्टचा तुकडा, दुसरीत बोर्डाची काप, तिसरीत काहीच नाही, आणि प्रत्येकीत एक घासलेली तार. आत पाण्यात भिजवलेल्या कापसाचा छोटा बोळा वेगळ्या टोपणात ठेवा, म्हणजे हवा दमट राहील. रिकाम्या बरणीशी तुलना केली की दोषी साहित्य दिसून येतं. खोलीच्या तापमानाला ही चाचणी मूळ चाचणीपेक्षा सौम्य असते, त्यामुळे तार खराब झाली तर ते साहित्य नक्कीच वाईट. पण तार चांगली राहिली म्हणून साहित्य वर्षानुवर्षं निर्धोक राहील असं मात्र म्हणता येत नाही.

दोष सापडला तर कपाट बदलायचं का?

शक्यतो नाही. नवं रंगवलेलं किंवा पॉलिश केलेलं कपाट दारं सताड उघडी ठेवून तीन-चार आठवडे मोकळं राहू द्या. वास येत असेल तोवर भांडी आत ठेवू नका. बोर्डाच्या उघड्या कडांवर एजबँड लावून घ्या. फळ्यांवर अंथरलेलं फेल्ट आणि रबर काढून टाका आणि त्याऐवजी अनेक वेळा धुतलेलं पांढरं सुती कापड किंवा पॉलिएस्टरचं फेल्ट वापरा. ओकसारखं लाकूड असेल तर भांडं थेट लाकडावर न ठेवता मध्ये ॲक्रिलिकची पातळ पट्टी किंवा काच असावी. संपर्क तुटला तरी वाफ राहतेच, म्हणून अशा कपाटाच्या मागच्या फळीत वर आणि खाली एकेक छोटी जाळीची खाच ठेवली तर हवा खेळते. धूळ थोडी वाढेल, पण धूळ पुसता येते. डागाने खरवडलेलं नक्षीकाम परत येत नाही.

दमट दिवसांत सिलिका जेलच्या पुड्या कप्प्याच्या कोपऱ्यात ठेवा. रंग बदलणाऱ्या प्रकारातलं जेल घ्या, म्हणजे ते भरलं की दिसतं आणि मंद ओव्हनमध्ये वाळवून परत वापरता येतं.

काळा, तपकिरी, हिरवा, गुलाबी... भांड्यावरच्या या रंगांचा अर्थ काय?

तांब्यावर हळूहळू येणारा गडद तपकिरी रंग ऑक्साइडचा असतो. तो सारखा, घट्ट आणि गुळगुळीत असेल तर त्यात बिघडलेलं काही नाही. जुन्या घागरीवरचा असा रंग मला घासून काढलेल्या चकाकीपेक्षा जास्त शोभिवंत वाटतो आणि मी तो तसाच ठेवायला सांगते. काळे, ठिपक्यांचे किंवा एखाद्या वस्तूच्या आकाराचे डाग गंधकाचे.

हिरवा कळक दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींत फरक करणं महत्त्वाचं आहे. सांध्यात किंवा काठाखाली मेणासारखा चिकट हिरवा थर असेल, तर बहुधा पॉलिशचा, तेलाचा किंवा आम्लाचा उरलेला अंश तिथे धातूशी मिसळला आहे. तो लाकडी टूथपिकने आणि सौम्य साबणाच्या पाण्याने निघतो आणि परत येत नाही. मात्र फिकट हिरवी, भुकटीसारखी फुगून येणारी पूड दिसली, पुसली आणि काही आठवड्यांत त्याच जागी परत आली, तर ते क्लोराइडचं काम आहे. मिठाचा अंश धातूत शिरलेला असतो आणि दमटपणा मिळाला की तो धातू खात राहतो. असं भांडं वेगळं काढा, कोरड्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा आणि जुनं, मोलाचं असेल तर संवर्धनाचं काम करणाऱ्याला दाखवा. इतर भांड्यांना याचा संसर्ग होत नाही, पण ज्या दमट हवेने हे सुरू झालं ती हवा सगळ्यांना मिळतेच.

पितळेवर गुलाबी-लालसर पट्टे उठले असतील तर मात्र ते घासण्याच्या पद्धतीमुळे झालेलं असतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. लिंबू, व्हिनेगर किंवा तत्सम आंबट द्रावणात भांडं तासन्‌तास भिजवलं की पृष्ठभागावरचं जस्त आधी विरघळतं आणि उरतं ते तांबं. सौम्य असेल तर धातूच्या पॉलिशने हा थर निघतो. खोलवर गेला असेल तर पृष्ठभाग सच्छिद्र होतो आणि पुन्हा पूर्ववत करता येत नाही.

मग घासायचं कशाने आणि किती?

प्रत्येक घासणीत धातूचा एक पातळ थर जातो. साध्या पातेल्याला त्याचा फरक पडत नाही. कोरीव नक्षीच्या डब्यावर मात्र पानांच्या शिरा हळूहळू बोथट होत जातात. म्हणून शोभेच्या भांड्याला नियम असा की घासणं कमी, संरक्षण जास्त.

लिंबू-मीठ वापरायचं असेल तर मिनिट-दोन मिनिटांचं काम ठेवा, भिजवू नका. लगेच भरपूर पाण्याने धुवा, खाण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्याने आम्ल मारा, पुन्हा धुवा आणि काठाच्या वळणात, कानांच्या सांध्यांत राहिलेलं पाणी केसांच्या ड्रायरच्या गार हवेने काढा. लिंबू-मिठातलं मीठ सांध्यात राहिलं, तर वर सांगितलेल्या क्लोराइडला तेच निमंत्रण ठरतं. म्हणून नक्षीच्या आणि जोडकामाच्या भांड्यांना मी ते वापरतच नाही. त्यांना मऊ कापड आणि बारीक पॉलिशच बरं.

भांडं पूर्ण कोरडं झाल्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या आणि थोड्या वेळाने मऊ कापडाने चोळा. बोटाच्या ठशांपासून आणि दमटपणापासून ते चांगलं रक्षण करतं. तो हात वर्षातून एकदा-दोनदा दिला तर पॉलिशची वेळ क्वचितच येते. मांडताना भांडं कोरड्या सुती कापडाने किंवा सुती हातमोजे घालून धरा. घामातलं मीठ आणि आम्ल धातूवर ठसा काढतं आणि तो काही दिवसांनी, सगळी मांडणी झाल्यावर, दिव्याखाली दिसू लागतो.

भांड्यावर लॅकरचा पारदर्शक थर आहे की नाही, कसं ओळखायचं?

न दिसणाऱ्या जागी थोडं धातूचं पॉलिश कापडावर घेऊन चोळा. कापड काळं पडलं तर उघडा धातू आहे. कापड स्वच्छच राहिलं तर वर लॅकर आहे. लॅकर सलग असेल तर नुसतं कोरड्या कापडाने पुसत राहा. एखाद्या ठिकाणी ते सोललं असेल तर फक्त तिथेच धातू काळवंडतो आणि नकाशासारखे ठिगळ दिसतात. वरून कितीही पॉलिश केलं तरी ते जात नाहीत. मग उरलेलं लॅकर ॲसिटोनने, खिडक्या उघड्या ठेवून आणि आगीपासून दूर, पूर्ण उतरवून मेणाचा हात देणं हाच मार्ग.

स्टीलची भांडी शोभेत शोभतात का? पितळेशेजारी ती फिकी वाटतात.

फिकी वाटतात, कारण ती पितळेसारखीच मांडली जातात. स्टीलला स्वतःचा रंग नसतो म्हटलं तरी चालेल. चकचकीत स्टील आरशासारखं समोरचं उचलतं. तेच वापरा. स्टीलचं उभं ताट किंवा चकचकीत जग तांब्याच्या गडूच्या मागे थोडा तिरका ठेवला की त्यात तांब्याचा लाल रंग उतरतो आणि एका गडूची जणू दोन रूपं दिसतात. स्टीलची भांडी एकमेकांसमोर ठेवली तर ती एकमेकांचा राखाडी रंग दाखवत बसतात, आणि तोच फिकेपणा. मॅट स्टील हे काम करत नाही. ते पांढऱ्या चिनी मातीशेजारी छान दिसतं.

स्टील काळवंडत नाही, त्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अदृश्य थरामुळे. मिठाचं पाणी वाळून राहिलं तर मात्र त्यालाही बारीक टोचल्यासारखे डाग पडतात. तारेच्या घासणीने घासू नका. साध्या लोखंडी घासणीचे कण पृष्ठभागात रुततात आणि पुढे तेच गंजतात. स्टील गंजलं असा समज होतो तो बऱ्याचदा या कणांमुळे. कोरड्या अवस्थेत स्टील पितळेला टेकलं तर काही बिघडत नाही, दोन्ही ओली असताना एकात एक ठेवू नका.

प्रत्यक्ष मांडणी कशी करावी? एक उदाहरण द्याल का?

समजा कपाट आतून 90 सेंमी रुंद आणि 30 सेंमी खोल आहे. तळाची फळी लाकडी, वरच्या दोन काचेच्या. मांडायला एक तांब्याची कळशी, 35 सेंमी व्यासाची पितळी परात, नक्षीचा पितळी डबा, तीन लहान-मोठे गडू, स्टीलचा एक जग आणि एक ताट, सहा कपबश्यांचा चहाचा संच आणि दोन मोठ्या चिनी मातीच्या बश्या आहेत.

पहिलं काम वजन करण्याचं. प्रत्येक भांडं साध्या वजनकाट्यावर ठेवा आणि कागदावर लिहा. समजा परात, कळशी आणि डबा मिळून सहा-सात किलो भरले, चहाचा संच तीन किलोंच्या आसपास. 90 बाय 28 सेंमीची 8 मिमी जाड काच स्वतःच साधारण 5 किलोंची असते, आणि आधाराच्या पिना हे दोन्ही ओझं पेलतात. म्हणून जड धातू लाकडी तळावर, आणि हलकी भांडी व चिनी माती काचेवर. उंचावर हलकं असणं सुरक्षित आहेच, शिवाय काचेतून वरचा उजेड खाली उतरतो आणि चिनी माती उजेडात जास्त खुलते.

तळाला परात स्टँडवर उभी, डावीकडे. उभी केली तर ती कपाटाच्या खोलीतले दहा-बारा सेंमीच घेते, म्हणून तिच्यापुढे बुटका डबा बसतो, पण दोन फळ्यांमधलं अंतर किमान 40 सेंमी हवं. उजवीकडे कळशी एकटी, तिच्या आजूबाजूला हाताचा पंजा जाईल एवढी जागा. मधल्या फळीवर डोळ्यांच्या पातळीत स्टीलचं ताट उभं मागे, त्याच्यापुढे मध्यापासून थोडे बाजूला तीन गडू, सर्वांत लहान पुढे, आणि दुसऱ्या टोकाला जग. वरच्या फळीवर दोन बश्या दोन टोकांना उभ्या, मध्ये किटली आणि दोनच कपबश्या. उरलेल्या चार खालच्या बंद कप्प्यात जाऊ द्या. सहाही वर ठेवल्या तर ते शोभेचं कपाट न राहता साठवणीचं होतं.

मागची पाटी पांढरी असेल तर पितळ आणि स्टील दोन्ही मार खातात. गडद हिरवी, निळी किंवा राखाडी मॅट पाटी पितळेला उठाव देते. रंग दिलात तर वर म्हटल्याप्रमाणे वाळू द्या.

दिवे कोणते आणि कुठे?

एलईडी, 3000 केल्व्हिनचे, आणि रंग खरे दाखवणारे म्हणजे सीआरआय 90 किंवा जास्त. 2700ला तांबं सुंदर दिसतं पण पांढरी चिनी माती पिवळट होते. 4000ला स्टील आणि चिनी माती छान, पितळ हिरवट. एका कपाटात दोन छटा मिसळू नका. पट्टी समोरच्या चौकटीच्या आतल्या बाजूला, मागे तोंड करून लावा. मागच्या पाटीवर लावली तर भांड्यांच्या फक्त काळ्या आकृत्या दिसतात. उघड्या पट्टीचा प्रत्येक ठिपका चकचकीत गडूवर मोजता येतो, म्हणून दुधी आवरणाची पट्टी घ्या. तिचा ट्रान्सफॉर्मर बाहेर ठेवा, आत उष्णता नको.

चिनी मातीच्या बश्या उभ्या ठेवताना कोणती काळजी घ्यावी?

आधी बोटाच्या टोकाने टिचकी मारा. टणटणीत, लांबणारा आवाज आला तर बशी धड आहे. बद्द आवाज आला तर डोळ्यांना न दिसणारी भेग असू शकते, ती उभी करू नका. झिलईवर जाळीसारख्या बारीक रेघा असतील तर ती झिलईची तडक असते. शोभेला चालते, पण अशा बशीत पाणी मुरतं, म्हणून ती धुऊन बराच काळ वाळवूनच आत ठेवा. धातूचा स्टँड घेतला तर त्याच्या टोकांवर मऊ आवरण असू द्या, नाहीतर काठाची सोनेरी रेघ झिजते. आडवी रास करायची असेल तर प्रत्येक दोन बश्यांमध्ये पातळ कागद, कारण बुडाच्या कड्याला झिलई नसते आणि ते कडं खालच्या बशीला ओरखडे काढतं.

लाकडी फळी वाकते आहे असं वाटतं. कसं तपासू?

फळीच्या खालच्या कडेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून धरा. मधोमध फळी दोऱ्याच्या खाली गेली असेल तर ती वाकते आहे. 90 सेंमीच्या लांबीवर 18 मिमीचा पार्टिकल बोर्ड जड पितळेखाली हळूहळू वाकत जातो आणि वजन काढलं तरी पूर्ण सरळ होत नाही. मध्ये आधार द्या किंवा पुढच्या कडेखाली लाकडाची उभी पट्टी ठोका. जड भांडी टोकांकडे सरकवली तरी बराच फरक पडतो. काचेच्या फळीवर मात्र हा प्रयोग करत बसू नका. ती टफन्ड आहे का आणि तिची भारक्षमता किती, हे बनवणाऱ्याकडून लिहून घ्या.

मांडलेलं भांडं नंतर स्वयंपाकाला वापरता येईल का?

स्टील निर्धास्त वापरा. तांबं-पितळ वापरायचं असेल तर आधी लॅकर, मेण आणि कळक पूर्ण गेले आहेत याची खात्री करा, आणि आतून कल्हई शाबूत आहे का पाहा. कल्हई झिजून आतला लाल-पिवळा धातू दिसत असेल तर आंबट पदार्थ त्यात अजिबात ठेवू नका, आधी कल्हई करून घ्या. सोनेरी काठाच्या कपबश्या मायक्रोवेव्हमध्ये जाणार नाहीत, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. लॅकर दिलेलं भांडं शोभेचंच ठेवणं उत्तम, आणि त्याच्या बुडाशी 'शोभेसाठी' अशी छोटी चिठ्ठी असली तर पाहुण्यांनाही कळतं.